पहिली बाटली कितीची घ्यावी?

सिन्नरमधलं एक वाइन शॉप. लग्नाचा पहिला वाढदिवस, घरी चिकनचा झणझणीत रस्सा शिजतोय आणि दोघांपैकी कुणीच आजवर वाइन चाखलेली नाही. दुकानदाराने तीन बाटल्या पुढे ठेवल्या: अडीचशेची पोर्ट, आठशेची नाशिकची शेनिन ब्लां आणि अठराशेची परदेशी रेड.

"महाग तीच चांगली असेल ना?" तिने हळूच विचारलं. तो खिशातल्या पैशांचा अंदाज घेत होता.

पाहुण्यांसमोर कमीपणा नको म्हणून अनेक जण इथे अठराशे मोजतात. पण त्यातले बरेच पैसे वाइनचे नसतात. परदेशी बाटलीवर भारतात अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. त्या दराने बंदरावर ३०० रुपयांना उतरलेली बाटली शुल्क भरताच ७५० ची होते. पुढे राज्याचे कर, वाहतूक आणि विक्रेत्यांचा नफा चढत जातो. तिच्या देशात ती रोजच्या जेवणातली साधी वाइनही असू शकते.

पोर्ट स्वस्त असते आणि गोडही. पोर्तुगालच्या अस्सल पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षांचं मद्यार्क घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि फळाची साखर मागे राहते. आपल्याकडची स्वस्त पोर्ट बहुधा गोड केलेली लाल वाइन असते. ती आवडली तर जरूर प्यावी, पण तिच्यावरून वाइनची चव ठरवू नये.

राहिली शेनिन. ही पांढरी वाइन बहुतेक वेळा ओकच्या महागड्या पिंपात न मुरवता स्टीलच्या टाकीत थंड ठेवून करतात, म्हणून तिची किंमत आवाक्यात राहते. तिच्यातली आंबटसर चव आणि किंचित गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. रेडमधला तुरटपणा मात्र रश्श्याबरोबर जिभेला आणखी झोंबतो.

"काका, हीच द्या," ती म्हणाली. तेवढ्यात त्याचं लक्ष लेबलवरच्या सालाकडे गेलं. बाटली चार वर्षांपूर्वीची होती, आणि काचेच्या कपाटात दुपारचं ऊन येत होतं. अशी हलकी पांढरी वाइन दोनेक वर्षांत प्यायची असते, उन्हाने तर ती लवकर उतरते. रंग तपकिरीकडे झुकला असेल, बूच वर आलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसत असेल, तर ती बाटली घेऊ नये. दुकानदाराने कुरकुर न करता आतल्या खोक्यातून गेल्या वर्षीची काढून दिली. किंमत तीच, छापलेली.

प्यायच्या आधी ती दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. उरलेली झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. रस्सा झणझणीत असेल, तर पहिल्या खरेदीला अठराशेच्या रेडपेक्षा आठशेची ताजी शेनिनच घ्यावी.