१४ की 98? किल्लारीच्या तक्त्यातला घोळ

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३.५६ला झाला. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच निजली होती. लातूर-नांदेडकडच्या माणसाला ही तारीख विचारावी लागत नाही. आता या भूकंपावरचं एखादं इंग्रजी पुस्तक मराठीत येतंय असं समजू. त्याच्या परिशिष्टातल्या तक्त्यात नोंद आहे: 29-9-1993, 22:25. अनुवादकानं नुसते अंक बदलून ‘२९-९-१९९३, २२:२५’ छापलं, तर किल्लारीचा वाचक पुस्तक तिथंच मिटेल.

मूळ आकडा मात्र चुकीचा नाही. तो जागतिक वेळेतला आहे. त्यात साडेपाच तास मिळवले आणि सेकंद धरले, की ३० तारखेचे ३.५६ येतात. म्हणून आधी ठरवायचं की तक्त्यात वेळ कुठली द्यायची, आणि ते स्तंभाच्या शीर्षकात लिहायचं. अंकांची लिपी त्यानंतर.

लिपीबाबत मजकूर आणि पानांचे आकडे यांचा निर्णय सोपा आहे: देवनागरी. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदानं आंतरराष्ट्रीय अंक सांगितले ते केंद्राच्या कारभारासाठी. मराठी पुस्तकाला ते बंधन नाही. गडबड होते ती सरमिसळीत. मोबाइलवर दिवसभर इंग्रजी आकडे पाहणाऱ्याला देवनागरी १ हा 9 वाटू शकतो, ४ हा 8 आणि ७ हा 6. अनुक्रमणिकेत काही ओळी एका लिपीत, काही दुसऱ्या लिपीत असल्या, तर ‘१४’ वाचून माणूस 98वं पान उघडतो. सगळीकडे एकच लिपी असेल, तर ही फसगत सहसा होत नाही.

तक्त्यांना जरा वेळ द्यावा लागतो. एक्सेलमध्ये देवनागरी अंक थेट टाइप केले, तर तो त्यांना आकडे न मानता अक्षरं मानू शकतो. मग बेरीज होत नाही. त्यापेक्षा आकडे इंग्रजीतच भरावेत आणि दिसण्यापुरतं स्वरूप बदलावं:

```
[$-4000439]0.0
```

यानं 6.2 हा ६.२ दिसतो, हिशेब तसाच राहतो. काही देवनागरी फाँटांत मात्र अंकांची रुंदी सारखी नसते, १ बारीक पडतो आणि दशांशचिन्हं एकाखाली एक येत नाहीत. छपाईआधी ‘१.१’ आणि ‘८.८’ एकाखाली एक टाकून पाहिलं की हे कळतं.

आयएसबीएन, सूत्रं आणि इंग्रजी संदर्भग्रंथांची पानं यांना हात लावू नये. म्हणूनच सगळ्या पुस्तकात एका दमात ‘शोधा-बदला’ चालवणं धोक्याचं.

आणखी एक बारीक खोट. घाईत ‘३:५६’ ऐवजी ‘३ः५६’ पडतं, म्हणजे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकात ‘३:५६’ शोधायला गेलं की ती ओळ सापडत नाही.