फायर ऑडिटचा अहवाल कसा वाचावा? : शेरा, धोक्याची श्रेणी आणि मुदत

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या व्यापारी इमारतीची व्यवस्था बघणारे आहेत. कोणी गाळेमालक, कोणी सोसायटीचे सचिव, कोणी कंपनीचे ॲडमिन. तुमच्या हातात कधी ना कधी फायर ऑडिटचा अहवाल पडतो. चाळीस पानं, शंभर फोटो आणि शेवटी एक तक्ता. आज फक्त त्या तक्त्याबद्दल बोलायचं आहे, कारण खरा अहवाल तोच असतो. बाकीची पानं त्याचा पुरावा.

आधी एक घोळ दूर करू. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं. यालाच आपण फॉर्म बी म्हणतो. पुष्कळ लोकांना वाटतं, फॉर्म बी दिला म्हणजे ऑडिट झालं. तसं नाही. फॉर्म बी मुख्यतः सांगतो की बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे. पण जिन्यात कोणी खोकी रचली आहेत का, गच्चीचं दार रात्री कुलूपबंद असतं का, पार्किंगचं गोदाम झालं आहे का, हे इमारत पायी फिरून बघावं लागतं. ऑडिट म्हणजे ते फिरणं.

एक इमारत घेऊ

उदाहरणासाठी एक इमारत कल्पू. तळघरात पार्किंग, तळमजल्यावर दुकानं, वर सहा मजले कार्यालयं. इमारत काल्पनिक आहे, पण तिच्यातले दोष मात्र कुठल्याही शहरात रोज सापडणारे आहेत. समजा, अहवालात एकूण २२ शेरे आहेत. त्यातले तीन आपण नीट बघू.

पहिला शेरा: पंपरूममध्ये मुख्य फायर पंपाचा स्विच 'ऑफ'वर आहे.

दुसरा शेरा: इलेक्ट्रिक डक्टमध्ये तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या स्लॅबमधली भोकं उघडी आहेत.

तिसरा शेरा: जिन्याच्या पाचव्या मजल्यावरचं फायर डोअर लाकडी पाचर लावून उघडं ठेवलेलं आहे, आणि गच्चीच्या दाराला कुलूप आहे.

उरलेल्या १९ शेऱ्यांपैकी पाच मधल्या वजनाचे आहेत, उदाहरणार्थ तळघरात स्प्रिंकलरला टेकेपर्यंत रचलेला माल. बाकीचे १४ म्हणजे अग्निशामक सिलिंडरची मुदत संपलेली, बाहेर जाण्याचा बाण फिकट झालेला, होजबॉक्सची काच फुटलेली, असे.

श्रेणी कशी ठरते

बहुतेक ठिकाणी पाच गुणिले पाचचा तक्ता वापरतात. घटना घडण्याची शक्यता १ ते ५, परिणाम किती भयंकर हे १ ते ५, आणि दोन्हींचा गुणाकार. २५ आला तर अतिधोका, ४ आला तर कमी धोका. दिसायला छान आहे. पण यात एक फसगत आहे, ती समजून घ्या.

गच्चीचं कुलूप घ्या. ऑडिट करणारा विचार करतो, या इमारतीत आग लागण्याची शक्यता किती? कमी, म्हणून २. परिणाम? माणसं मरतील, म्हणून ५. गुणाकार १०, म्हणजे 'मध्यम', म्हणजे तीन महिन्यांची मुदत! कुलूप काढायला तीन महिने!

चूक कुठे झाली? आग लागण्याची शक्यता ही त्या इमारतीची गोष्ट आहे. ती सगळ्या शेऱ्यांना साधारण सारखीच लागू आहे. शेऱ्यासाठी विचारायचा प्रश्न वेगळा: आग लागलीच, तर हा दोष आडवा येण्याची शक्यता किती? धूर खालून आला तर वरच्या मजल्यावरची माणसं गच्चीकडे पळणार, आणि तिथे कुलूप असणार. शक्यता ५. गुणाकार २५. म्हणून अनुभवी माणसं एक साधा नियम पाळतात. बाहेर पडायची वाट अडवणारा कोणताही दोष गुणाकार न करता थेट वरच्या श्रेणीत टाकायचा.

मुंबईत कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ माणसं गेली. बरेच मृतदेह स्वच्छतागृहापाशी सापडले. जीव वाचवायला माणसं तिकडे गेली आणि गुदमरली. बाहेरची वाट सापडणं आणि न सापडणं, यात एवढा फरक असतो.

एका शेऱ्याच्या दोन मुदती

आता पंपाकडे येऊ. स्विच 'ऑफ' दिसला की पुष्कळ अहवालांत लिहिलेलं असतं, 'स्विच ऑटोवर करावा, मुदत १५ दिवस'. हे दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

हायड्रंटच्या पाइपात पाणी नेहमी दाबाखाली असतं. थोडी गळती झाली की छोटा जॉकी पंप सुरू होऊन दाब भरून काढतो. कोणी खरोखर होज उघडला तर दाब झपाट्याने उतरतो, तेव्हा मुख्य पंप आपोआप सुरू होतो. तो बंद मात्र हातानेच करायचा असतो, कारण आग विझली की नाही ते पंपाला कळत नाही. 'ऑफ'वर ठेवला तर होजमधून आधी एक जोराचा फवारा येतो आणि मग नुसती धार. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर किमान ३.५ किलो दाब हवा. तो पंपाशिवाय टिकत नाही.

मग विचारा, स्विच 'ऑफ' कोणी केला, आणि का? बहुधा सुरक्षारक्षकाने. कारण कुठल्यातरी मजल्यावरचा व्हॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो, जॉकी दर पाच मिनिटांनी सुरू होतो, कधी दाब फार उतरला की मुख्य पंपही सुरू होतो, आणि रात्री तीन वाजता रक्षकालाच धावत जाऊन तो बंद करावा लागतो. शेवटी तो कंटाळून स्विच फिरवतो. नुसता स्विच ऑटोवर केलात तर आठवड्यात तो परत 'ऑफ' होणार.

म्हणून शेरा एक, पण मुदती दोन. स्विच ऑटोवर: त्याच दिवशी, ऑडिट करणारा इमारतीत असतानाच. गळती शोधून व्हॉल्व्ह बदलणे: सात ते पंधरा दिवस. आणि शेरा बंद कधी म्हणायचा? गच्चीवरचा हायड्रंट उघडल्यावर मुख्य पंप कोणी हात न लावता सुरू झाला आणि पाणी वाहत असताना गेजवर दाब टिकला, तेव्हा. 'ऑटो' लिहिलेल्या स्विचचा फोटो हा पुरावा नाही.

मुदतीत काम होणारच नसेल तर

डक्टमधल्या भोकांचं काम एका दिवसात होत नाही. ही भोकं कोण पाडतं? इमारत बांधली तेव्हा ती बुजवलेली असतात. नंतर इंटरनेटवाला येतो, केबल टाकतो, निघून जातो. पुढच्या भाडेकरूचा माणूस तेच भोक आणखी मोठं करतो. मग डक्ट म्हणजे सरळ धुराडंच होतं. खालच्या मजल्यावरच्या पॅनेलचा धूर काही मिनिटांत वर पोहोचतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये आग तळघरात होती. पार्किंगच्या जागेत ज्वलनशील सामान साठवलं होतं. धूर वर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण ज्वाळांनी नाही, गुदमरून गेले.

भोकं बुजवायला अग्निरोधक सीलंट किंवा मॉर्टर लागतं, आणि काम चालू विजेच्या केबलभोवती करायचं असतं. म्हणून ३० दिवसांची मुदत रास्त आहे. पण पिवळ्या फोमची फवारणी करून कोणी दोन दिवसांत 'झालं' म्हणालं तर मान्य करू नका. साधा फोम स्वतःच जळतो. कोणतं साहित्य वापरलं, किती मिनिटं आग अडवेल, हे कागदावर मागा.

आणि त्या ३० दिवसांत इमारत उघडीच राहणार. म्हणून चांगल्या अहवालात मुदतीच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: तात्पुरती उपाययोजना. डक्टमधलं पुठ्ठा-कागद आजच बाहेर काढा. डक्टचं दार बंद ठेवा. स्मोक डिटेक्टर चालतो का ते तपासा. दुरुस्ती होईपर्यंत वेल्डिंग-कटिंग बंद. रात्री रक्षकाची फेरी, वहीत वेळेसह सही. हा रकाना नसेल तर मुदत म्हणजे नुसती तारीख.

६४ टक्के पूर्तता

महिन्याने व्यवस्थापनाचं पत्र येतं: '२२ पैकी १४ शेऱ्यांची पूर्तता, म्हणजे ६४ टक्के.' सगळ्यांना बरं वाटतं. बघितलं तर ते १४ म्हणजे सिलिंडर, बाण आणि काचा. एक फोन केला की होणारी कामं. ती करायला हवीतच. पण पाचर तिथेच आहे आणि भोकंही तशीच. इमारतीचा धोका जवळपास जिथे होता तिथेच आहे.

म्हणून पूर्ततेची टक्केवारी मागू नका. विचारा: वरच्या श्रेणीतला कोणता शेरा मुदत उलटूनही उघडा आहे, आणि त्याच्यासमोर कोणाचं नाव आहे? 'सोसायटी' किंवा 'भाडेकरू' हे नाव नव्हे. एका माणसाचं नाव हवं.

श्रोत्यांचा प्रश्न

*प्रश्न: फायर डोअरला पाचर लावतात कारण सामान घेऊन ये-जा करताना दार सारखं बंद होतं. आम्ही पाचर काढतो, ते परत लावतात. काय करायचं?*

चांगला प्रश्न आहे. रक्षकाच्या स्विचसारखंच हे आहे, माणसं मुद्दाम वाईट वागत नाहीत, त्यांना अडचण आहे. ज्या दाराची दिवसभर ये-जा आहे, तिथे मॅग्नेटवर उघडं राहणारं दार बसवा. फायर अलार्म वाजला किंवा वीज गेली की मॅग्नेट सुटतो आणि दार आपोआप मिटतं. हा खर्च करायचा नसेल तर सामानाची ने-आण लिफ्टने ठराविक वेळेत करा. तोपर्यंत शेरा उघडाच ठेवा. पाचर काढलेला फोटो लावून तो बंद करू नका. आणि तपासणी दुपारी चार वाजता, न सांगता जाऊन करा. सकाळी दहाला, निरोप देऊन गेलात तर पाचर कधीच दिसणार नाही.