जेल, क्रीम आणि केसांतली पांढरी कणी

कुरळ्या केसांवर हौसेने लीव्ह-इन कंडिशनर, त्यावर कर्ल क्रीम, त्यावर जेल लावलं आणि केस वाळल्यावर खांद्यावर पांढरी कणी पडू लागली, की पहिला संशय कोंड्यावर जातो. अनेकदा दोष डोक्याचा नसतो. दोन उत्पादनांचं एकमेकांशी पटत नसतं.

लीव्ह-इनमधले मऊपणा आणणारे मुख्य घटक धनभारित असतात आणि केसांचा पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे ते केसांना धरून राहतात. मात्र बऱ्याच जेलना दाटपणा देणारा कार्बोमरही ऋणभारितच. दोन्ही एकत्र आले की कधीकधी दूध फाटावं तसं होतं. खरेदीनंतर पहिली परीक्षा तळहातावर घ्यावी: दोन्ही वाटाण्याएवढे घेऊन चोळायचे. कण सुटले किंवा पाणी वेगळं झालं, तर ती जोडी बाद. मिश्रण गुळगुळीत राहिलं तर बहुधा चालतं. बहुधा, कारण जेल अती झालं किंवा अर्धवट वाळलेल्या केसांवर लावलं तरी कणी सुटते.

खांद्यापर्यंतचे, मध्यम दाट केस धरू. धुतल्यावर ते पुसायचे नाहीत, पाणी निथळत असतानाच कामाला लागायचं. रुपयाच्या नाण्याएवढं लीव्ह-इन टोकांकडून वर, टाळू सोडून लावायचं आणि रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा. क्रीम त्याच्या निम्मं, तेही टोकं कोरडी असतील तरच. बारीक केसांनी ते सरळ वगळावं. त्यातल्या तेल-बटरच्या भाराने वळणं लोंबतात. जेलला मात्र हात आखडायचा नाही. दोन नाण्यांएवढं घेऊन आधी बटांवरून सपाट फिरवायचं, मग खालून मुठीत घेऊन वर दाबायचं. पचपच आवाज आला तर पाणी पुरेसं आहे. नाहीतर थोडं शिंपडायचं. शेवटी जुन्या सुती टी-शर्टने जादा पाणी टिपायचं आणि हात लावायचा नाही.

वाळलेले केस कडक लागले की अनेकजणी जेलला नावं ठेवतात. खरं तर तो कडकपणा हवाच असतो: जेलमधल्या पॉलिमरचा पातळ पापुद्रा वाळेपर्यंत वळण जागेवर धरतो. मुळाशी हाताला गारवा लागत नाही तोवर थांबून, तळहातावर तेलाचे दोन थेंब घेऊन केस मुठीत चुरायचे. कडकपणा जातो, वळण राहतं. ओलसर असतानाच चुरले तर केस पिंजारतात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र हे गणित बिघडतं. ग्लिसरीन दमट हवेतली ओल ओढतं, पापुद्रा मऊ पडून चिकट होतो. तेव्हा घटकांच्या यादीत ग्लिसरीन खूप वर असलेली बाटली बाजूला ठेवलेली बरी.

केस नेहमीपेक्षा उशिरा वाळू लागले, वळणं ढिली पडली आणि नखाने खरवडल्यावर पांढुरका थर आला, तर उत्पादनं साचली आहेत. अशा वेळी आणखी क्रीम उपयोगाचं नाही. एकदा क्लॅरिफाइंग शाम्पूने धुवावं आणि पुढच्या खेपेला क्रीम वगळून पाहावं.