९४ वर अडलेला आकडा

शेजारच्या काकांनी दिवाळीत इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला. दर महिन्याला जास्तीचे पैसे जाऊ लागले, पण लॅपटॉपवर वेग तपासला की आकडा ९४. कंपनीला तीनदा फोन झाले, माणूस येऊन फायबर तपासून गेला, तरी आकडा हलेना.

मी विचारलं, "रात्री कमी होतो का हो?" काका म्हणाले, "छे! सकाळी ९४, रात्री ९४."

तिथेच चोर सापडला. लाइनवर गर्दी असती तर वेग रात्री पडला असता आणि पहाटे चढला असता. तो रोज एकाच जागी अडतो, म्हणजे वाटेतली एखादी नळी अरुंद आहे. आणि ९४ ही १०० एमबीपीएसच्या पोर्टची खूण. डेटा लहान लहान पुडक्यांतून जातो. प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पुडक्यांमधली मोकळी जागा यांत पाच-सहा टक्के खर्च होतात, उरतात ते ९४.

माळ्यावरून राउटरचं खोकं काढलं. पुढे मोठ्या अक्षरांत AC1200, मागे बारीक अक्षरांत '10/100 Mbps' पोर्ट. बाराशे ही वायफायच्या दोन्ही बँडच्या कागदी वेगांची ढोबळ बेरीज. पण बाहेरून येणारं सगळं इंटरनेट त्या शंभराच्या पोर्टातूनच आत शिरणार!

राउटरवर खापर फोडण्याआधी लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला जोडला. काकांच्या डब्यातच लॉगिन असल्याने हे जमलं. आधी जुन्याच केबलने, कारण दोष तिचाही असू शकतो. तिच्यात आठ तारा असतात. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तुटली तर वेग मुकाट्याने शंभरावर येतो. पण विंडोजच्या सेटिंगमध्ये Link speed समोर 1000/1000 आलं आणि वेग २९० च्या पुढे गेला. म्हणजे कंपनी निर्दोष, केबलही ठीक, दोषी राउटरच.

गिगाबिट पोर्टचा राउटर आला, लॅपटॉप खूश झाला. पण काकूंच्या फोनवर ४५ च. त्यांचा फोन जुना, एका अँटेनाचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणणारा. त्याच्या वायफायच्या तपशिलात वेग दिसतो ७२ एमबीपीएस. हवेतला वेळ इतर उपकरणांशी आणि शेजाऱ्यांच्या वायफायशी वाटून घ्यावा लागतो, म्हणून हाती साधारण निम्मं-पाऊण पडतं. इथे चिपच अपुरी; राउटर कितीही भारी आणला तरी ती बदलत नाही.

शेवटी काकांनी हौसेने टीव्हीला केबल लावली. आकडा पुन्हा ९४! बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट शंभराचाच असतो. काका हिरमुसले. पण फोरके सिनेमाला साधारण २५ पुरतात, हे कळल्यावर त्यांनी रिमोट उचलला आणि पुढचा प्रश्न स्वतःच विचारला: "मग आपण ३०० घेतले कुणासाठी?"