स्टीलच्या छोट्या बाटलीला सॉफ्टबॉक्स कसा लावावा

चकचकीत स्टीलच्या बाटलीचा फोटो म्हणजे खरं तर तिच्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबाचा फोटो. म्हणून सॉफ्टबॉक्स नुसता समोर ठेवला, की त्याचा पांढरा चौकोन कडांसकट बाटलीवर उमटतो.

माझी आवडती मांडणी अशी: बाटलीच्या डावीकडे, अगदी जवळ, ट्रेसिंग पेपरचा उभा पडदा लावा. तो बाटलीपेक्षा बराच उंच हवा, नाहीतर त्याची वरची कड खांद्यावर दिसते. त्यामागे उभा, अरुंद सॉफ्टबॉक्स थोडा तिरपा ठेवा. पडद्याची एक बाजू उजळ, दुसरी मंद झाली, की बाटलीवरचा पट्टा हळूहळू विरत जातो आणि तिची गोलाई दिसते. सॉफ्टबॉक्स पडद्यापासून लांब नेला, की पट्टा सपाट होतो. मला तो निर्जीव वाटतो. उजवीकडे पांढरा थर्माकोल पुरतो.

पार्श्वभूमी पांढरी असेल तर बाटलीच्या कडा तिच्यात हरवतात. तेव्हा दोन्ही बाजूंना, किंचित मागे, चौकटीच्या जरा बाहेर काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. कडेला बारीक गडद रेघ येते.

पोलरायझर फिल्टरवर मात्र भिस्त ठेवू नका. धातूवरची चमक एकट्या त्याने जात नाही.