जाहिरातीतला शब्द, आपलं काम

समजा, बीकॉम झालेल्या एका मुलीने करसल्लागाराच्या ऑफिसात दोन वर्षं काम केलं आहे. तिच्या रेझ्युमेत अनुभवाखाली एकच ओळ आहे: ‘टॅली, जीएसटी आणि अकाउंट्सची सर्व कामं’. चाकणच्या एका कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा आहे. जाहिरातीत मागणी आहे टॅलीप्राइम, इनपुट टॅक्स क्रेडिटची जुळवणी, जीएसटीआर-३बी, बँक रिकन्सिलिएशन आणि टीडीएसची. सॅप येत असल्यास प्राधान्य.

यातलं बरंचसं ती दर महिन्याला करते, पण रेझ्युमे वाचणाऱ्याला ते कळायला वाव नाही. भरती करणारे अनेकदा जॉब पोर्टलवर नेमका शब्द टाकून उमेदवार शोधतात. ‘सर्व कामं’ असं कुणी शोधत नाही.

म्हणून आधी एक मूळ रेझ्युमे करावा. तो कुठेही पाठवायचा नाही. केलेलं प्रत्येक काम त्यात तपशिलाने लिहून ठेवायचं, मग ते लांबलं तरी चालेल. जाहिरात आली की तिच्यातल्या एकेका मागणीसमोर या कच्च्या खर्ड्यातलं काम ठेवून पाहायचं.

आपल्या मुलीच्या ऑफिसात खरेदीची बिलं पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी ताडून पाहायला ‘टू-बी मॅच करणं’ म्हणतात. जाहिरातीतली इनपुट टॅक्स क्रेडिटची जुळवणी ती हीच. काम तेच असल्यामुळे जाहिरातीचा शब्द घेणं पूर्ण प्रामाणिक आहे. ओळ अशी होईल: ‘इनपुट टॅक्स क्रेडिटची जुळवणी: १५ ग्राहकांची खरेदी दर महिन्याला जीएसटीआर-२बीशी ताडली, राहिलेल्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा केला.’ शब्द जाहिरातीचा, पुढचा तपशील तिचा. जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवणाऱ्याकडे हा तपशील नसतो, आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

खरी कसोटी क्रियापदात असते. जीएसटीआर-३बीचे आकडे ती काढते, पण तपासून रिटर्न भरतात ते सर. तेव्हा ‘भरलं’ असं न लिहिता ‘तयार केलं’ असं लिहावं. टीडीएसची चलनं तिने भरली आहेत, तिमाही रिटर्न नाही. मग चलनांपुरतंच लिहावं. मुलाखतीत पुढचा प्रश्न याच क्रियापदावर येतो.

सॅप तिने पाहिलेलंही नाही. व्हिडिओ पाहून तो शब्द कौशल्यांत घालण्याचा मोह होईल, पण पुरवठादाराचं बिल कोणत्या टी-कोडने टाकता, एवढंच कुणी विचारलं तरी ती अडकेल. रोज वापरणारा FB60 हे उत्तर न थांबता देतो. सॅप सोडून द्यावं. इथे ते फक्त प्राधान्याचं आहे, त्यामुळे अर्ज जरूर करावा. जुळणाऱ्या ओळी वर घ्याव्यात आणि कॉलेजात असताना दुकानात केलेली अर्धवेळ नोकरी या अर्जापुरती गाळावी. तीच जाहिरात ‘सॅपचा तीन वर्षांचा अनुभव अनिवार्य’ म्हणत असेल, तर शब्दांची कितीही जुळवाजुळव केली तरी ती जागा तिच्यासाठी नाही, आणि तो वेळ पुढच्या जाहिरातीला द्यावा.