नाव नसले तरी ओळख पटते

गेल्या महिन्यात लोणी काळभोरचे एक पालक एका पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीच्या शाळेने अभ्यासासाठी एक नवे ॲप घ्यायचे ठरवले होते. पत्रात मुख्याध्यापकांना एकच प्रश्न होता : हे ॲप मुलांची कोणती माहिती घेते आणि कशासाठी? वर्गशिक्षकांनी तोंडी उत्तर देऊन टाकले होते. "काळजी करू नका, ॲप मुलांचे नाव विचारतच नाही. फक्त शाळा, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आणि फोनचे स्थान, एवढेच."

नाव विचारले नाही म्हणजे ओळख पटणार नाही, हे खरे आहे का? चला, गणित करून पाहू.

समजा, शाळेत पाचवी ते दहावीचे ६०० विद्यार्थी आहेत. त्यांचे जन्म साधारणपणे सहा वर्षांत, म्हणजे सुमारे २१९० दिवसांत विखुरलेले आहेत. आता यातला कोणताही एक विद्यार्थी घ्या. दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा जन्म नेमका त्याच दिवशी झालेला नसण्याची शक्यता २१९० पैकी २१८९ इतकी आहे. परंतु असे दुसरे विद्यार्थी ५९९ आहेत. म्हणून हा अपूर्णांक स्वतःशी ५९९ वेळा गुणावा लागेल. उत्तर येते सुमारे ०.७६. याचा अर्थ असा की, १०० पैकी ७६ विद्यार्थ्यांची पूर्ण जन्मतारीख त्या शाळेत दुसऱ्या कोणाचीही नसते. ६०० च्या शाळेत असे साडेचारशेहून अधिक विद्यार्थी निघतील. आता मुलगा की मुलगी हेही कळले, तर तुलना ५९९ जणांशी न होता सुमारे २९९ जणांशीच होते, आणि एकटे पडणाऱ्यांचे प्रमाण १०० पैकी ८७ वर जाते. नाव न विचारताच बहुतेकांची ओळख पटली! ज्याच्या हाती शाळेचा पट आहे किंवा वाढदिवसांची यादी आहे, त्याला नाव शोधायला क्षणही लागणार नाही.

हे गणित करताना आपण जन्म सर्व दिवसांत सारखे विखुरलेले आहेत असे धरले. प्रत्यक्षात ते तसे नसतात. तुमच्या आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दप्तरात १ जून अशीच लिहिलेली सापडेल. खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर ती तारीख घालत. गंमत अशी की, त्या एकाच तारखेच्या गर्दीत आजोबा आपोआप लपून जात. तुमची तारीख मात्र अचूक आहे, म्हणून तुम्ही एकटे पडता.

मग उपाय काय? ॲपने पूर्ण तारखेऐवजी नुसते जन्मवर्ष विचारावे. तसे केले की प्रत्येक विद्यार्थी सुमारे १०० जणांच्या घोळक्यात मिसळतो. इयत्तेला साजेसा धडा दाखवण्यासाठी वर्षही पुरते. खरे तर नुसती इयत्ता पुरते.

आता दुसरी बाब, फोनचे स्थान. लोणी काळभोर १८.४९ उत्तर अक्षांश आणि ७४.०२ पूर्व रेखांश यांच्या आसपास आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हापुढे दोन अंक दिले तर स्थान सुमारे १.१ किलोमीटरपर्यंत कळते, म्हणजे गाव किंवा गावाचा एक भाग. चार अंक दिले तर ते सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, म्हणजे घर! उघड्या आभाळाखाली फोन साधारणपणे याहूनही सूक्ष्म स्थान सांगू शकतो. त्यातून तीच नोंद रोज रात्री दहा वाजता होत राहिली, तर मुलगी कोणत्या घरात राहते हे सांगायला ज्योतिषी नको. पुण्याचे हवामान दाखवायचे असेल तर गाव पुरते. बीजगणित शिकवायला मात्र अक्षांश लागतच नाही.

वखारीत लाकूड तोलायला कोणी सोनाराचा काटा आणत नाही. मोजमाप किती सूक्ष्म असावे, हे कामावरून ठरते. म्हणून "कोणती माहिती घेता?" एवढे विचारून भागत नाही. "किती सूक्ष्म घेता, आणि त्या सूक्ष्मतेची गरज कशाला?" असे विचारावे लागते.

ही भीती काल्पनिक नाही. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत जे क्यूआर कोड छापले गेले, ते ज्या दीक्षा या सरकारी ॲपकडे नेतात, त्याचेच उदाहरण घ्या. हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला. २०२२ च्या मे महिन्यात ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने अनेक देशांतल्या शैक्षणिक ॲपची तपासणी प्रसिद्ध केली. तीत दीक्षाच्या रचनेत विद्यार्थ्याचे नेमके स्थान, त्या वेळची तारीख व वेळ, आणि त्याआधीचे शेवटचे ज्ञात स्थान मिळवण्याची सोय आढळल्याचे नमूद होते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की, दीक्षाची माहिती साठवलेला एक संगणकीय साठा कुलूप न लावता उघडा राहिला होता. त्या वृत्तानुसार त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे व फोन क्रमांक होते, आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या. विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक अर्धवट झाकलेले होते. पण पूर्ण नाव, शाळा आणि अभ्यासक्रम किती पुरा केला, हे दिसत होते. साठवणाऱ्यांचा हेतू वाईट असण्याची गरजच नव्हती. जे साठवले जाते ते कधीतरी उघडे पडू शकते. जे गोळाच केले नाही ते उघडे पडत नाही.

कायदा काय म्हणतो? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवता येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुलांविषयीची ही बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची असे त्यात ठरले. परंतु शैक्षणिक कामापुरती नोंद ठेवण्याची सवलत शाळांना त्याच नियमांत आहे. म्हणूनच "कशासाठी?" हा प्रश्न कळीचा ठरतो. काम शैक्षणिक आहे की नाही, हे त्याच्या उत्तरावरूनच कळणार.

आम्ही दोघांनी बसून मसुदा बदलला. नवे पत्र असे झाले :

"मा. मुख्याध्यापक यांस, सप्रेम नमस्कार. नव्या ॲपविषयी पुढील माहिती लेखी मिळावी. (१) जन्मतारखेऐवजी इयत्ता चालेल काय? नसल्यास का? (२) फोनचे स्थान कोणत्या धड्यासाठी लागते? परवानगी नाकारली तर ॲप चालते काय? (३) उत्तरांची व वेळेची नोंद शिक्षकांखेरीज कोण पाहते? (४) मुलीने शाळा सोडल्यावर ही नोंद किती दिवसांत पुसली जाते, आणि पुसल्याचे कोण कळवते?"

तिसऱ्या प्रश्नातली नोंद निरुपयोगी नसते, हेही लक्षात घ्या. निम्म्या वर्गाचे एकच उदाहरण चुकले, तर ते पुन्हा शिकवायला हवे, हे शिक्षकांना तिच्यामुळेच कळते. पण त्यासाठी वर्गाची बेरीज पुरते. अमुक मुलगी रात्री पावणेबाराला जागी होती, हे कळायची गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्ही घरीच मिळवू शकता. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्या उघडा आणि स्थानाची परवानगी काढून टाका. ॲप तरीही धडा दाखवत असेल, तर धड्याला स्थानाची गरज नव्हती हे सिद्ध झाले. आणखी एक प्रयोग वर्गात करा. सर्वांनी आपली जन्मतारीख वर्षासह चिठ्ठीवर लिहावी, नाव मात्र लिहू नये. मग चिठ्ठ्या फळ्यावर मांडा आणि किती तारखा एकट्या पडतात ते मोजा. त्यानंतर प्रत्येक तारखेतला दिवस व महिना पुसून पुन्हा मोजा.